कोळशाच्या बेल्टशेजारची ती बारीक वायर: लिनिअर हीट डिटेक्शन केबल

हा एपिसोड ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतो त्यांच्यासाठी हा लिखित मजकूर. बोलताना झालेले 'अं', 'म्हणजे' आणि मागून आलेला कुकरच्या शिट्टीचा आवाज तेवढा काढून टाकलाय.

विषय आला तो एका श्रोत्याच्या व्हॉइस नोटमधून. तो एका थर्मल पॉवर प्लांटमध्ये कोल हँडलिंगला कॉन्ट्रॅक्टवर आहे. त्याचा प्रश्न असा: "दादा, आमच्या कन्व्हेयरच्या दोन्ही बाजूंनी एक बारीक वायर गेलीय. शेवटी एक छोटा डबा आहे आणि तिथे ती संपते. त्यावर ना लाइट, ना मोटर, काहीच चालत नाही. मग ती आहे कशाला?"

मला हा प्रश्न फार आवडला, कारण ती वायर मला दुसऱ्या टोकाकडून माहितीये. मी सॉफ्टवेअरवाला माणूस. आमची टीम फायर पॅनलमधून येणारी माहिती कंट्रोल रूमच्या स्क्रीनवर दाखवायचं काम करते. त्या वायरला काही झालं की माझ्या स्क्रीनवर एक आकडा येतो, आणि त्या आकड्यावर विश्वास ठेवून कुणीतरी धुरात शिरतो. त्यामुळे तो आकडा कुठून येतो आणि कधी फसवतो, हे मला नीट समजून घ्यावं लागलं.

तर ती वायर काहीच 'चालवत' नाही, कारण ती स्वतःच सेन्सर आहे. पहिल्या इंचापासून शेवटच्या इंचापर्यंत. तिला म्हणतात लिनिअर हीट डिटेक्शन केबल, साइटवर सगळे नुसतं 'एलएचडी' म्हणतात.

आता तुम्ही म्हणाल, ऑफिसात छतावर असतो तसा पांढरा गोल स्मोक डिटेक्टर लावला की झालं. ऑफिसात झालं, कबूल. पण तो गोल डिटेक्टर काम कसा करतो बघा. त्याच्या आत एक छोटी अंधारी खोली असते, त्यात प्रकाशाचा एक किरण सोडलेला असतो. बाहेरून धुराचे कण आत शिरले की प्रकाश विखुरतो, आणि तो विखुरलेला प्रकाश दिसला की डिटेक्टर ओरडतो. म्हणजे काम करायचं तर त्याला बाहेरची हवा आत घ्यावीच लागते. आता कोळशाच्या कन्व्हेयरची गॅलरी डोळ्यांसमोर आणा. तिथल्या हवेत चोवीस तास कोळशाची भुकटी उडत असते. त्या किरणाला धुराचा कण आणि कोळशाचा कण यांतला फरक फारसा कळत नाही. पहिल्या आठवड्यात खोटे अलार्म, नंतर जाळीवर थर बसून डिटेक्टर आंधळा. शिवाय गॅलरी बऱ्याचदा बाजूंनी उघडी असते, वारा धूर भलतीकडे घेऊन जातो. आणि साफसफाईसाठी तिथे पाण्याचे पाइप मारतात, ते वेगळंच.

केबल टनेलमध्ये धूळ कमी, पण तिथे ओल असते, भिंतींना घाम येतो, कोळी जाळी करतात, आणि पाचशे मीटरच्या बोगद्यात छतावरचा प्रत्येक डिटेक्टर काढून पुसायला माणूस पाठवणं म्हणजे ते काम कधीच संपत नाही.

या जागांमध्ये एलएचडी केबल टिकते याचं कारण ती फार हुशार नाही. तिला हवा आत घ्यायचीच नसते. जागेवर इलेक्ट्रॉनिक्स नाही, भिंग नाही, जाळी नाही. आत काय आहे? स्प्रिंग स्टीलच्या दोन तारा, एकमेकींभोवती पीळ घालून बसवलेल्या. पिळामुळे त्या सतत एकमेकींना दाबत असतात, एकत्र यायला टपलेल्या असतात. मध्ये फक्त एका खास प्लास्टिकचं आवरण आहे म्हणून त्या चिकटत नाहीत. हे प्लास्टिक ठरलेल्या तापमानाला मऊ पडेल असं बनवलेलं असतं. बाजारात साधारण ६८, ८८, १०५, १३८ आणि १८० अंश सेल्सिअस अशा पायऱ्या मिळतात. केबलच्या कुठल्याही एका ठिकाणी ते तापमान आलं की प्लास्टिक हरतं, तारा एकमेकींना टेकतात, शॉर्ट सर्किट होतं. बस्स. सगळ्यात बाहेरून जागेप्रमाणे जाकीट: साध्या जागेला पीव्हीसी, रसायनं किंवा ऊन असेल तर त्याला टिकणारं.

पॅनल या तारांमधून अगदी थोडा करंट सोडून ठेवतं. केबलच्या शेवटी जो छोटा डबा आपल्या श्रोत्याने पाहिला, त्यात एक रेझिस्टर असतो, एंड ऑफ लाइन रेझिस्टर. पॅनलला त्या रेझिस्टरमधून जाणारा ठरलेला करंट दिसतोय म्हणजे सगळं ठीक. करंट शून्य झाला, म्हणजे केबल कुठेतरी तुटली, तर 'फॉल्ट'. करंट अचानक वाढला, म्हणजे तारा टेकल्या, तर 'फायर'. थोडक्यात तो डबा निरुपयोगी नाहीये. तो नसता तर केबल तुटलेली आहे की शांत आहे, हे पॅनलला कळलंच नसतं.

आता माझ्या आवडीचा भाग. आग लागली हे कळलं, पण कुठे? सहाशे मीटरच्या कन्व्हेयरवर 'कुठेतरी' या उत्तराचा उपयोग नाही. इथे स्टीलच्या तारा कामाला येतात. स्टील तांब्याइतकं चांगलं वाहक नाही, त्यामुळे प्रत्येक मीटरला थोडा थोडा रेझिस्टन्स वाढत जातो. शॉर्ट जितका लांब तितका रेझिस्टन्स जास्त. पॅनल तो मोजतं आणि भागाकार करतं.

एक उदाहरण घेऊ, आकडे सोयीचे धरतो. कन्व्हेयर ६०० मीटरचा. केबल डाव्या बाजूने वर गेली आणि उजव्या बाजूने परत आली, म्हणजे एकूण १२०० मीटर. दोन्ही तारा मिळून दर मीटरला ०.६२ ओहम. पॅनलपासून केबल सुरू होते तिथपर्यंत साधी तांब्याची वायर आहे, तिचे १२ ओहम. अलार्म आला तेव्हा पॅनलने मोजले ५३९ ओहम.

```python
def metres(loop_ohm, lead_ohm, ohm_per_m):
    return (loop_ohm - lead_ohm) / ohm_per_m

metres(539, 12, 0.62)   # 850.0
```

८५० मीटर. पण थांबा, बेल्ट तर ६०० मीटरचाच आहे! हे अंतर केबलवरचं आहे, बेल्टवरचं नाही. ६०० मीटर डावीकडून वर, मग २५० मीटर उजवीकडून खाली. म्हणजे आग बेल्टच्या सुरुवातीपासून ३५० मीटरवर, उजव्या बाजूला. हा हिशोब रात्री तीन वाजता ऑपरेटरने डोक्यात करायचा नसतो. केबलचा कुठला मीटर म्हणजे जागेवरचा कुठला खांब, याचा तक्ता आधीच बनवून सॉफ्टवेअरमध्ये घालायचा असतो. केबल टाकणारा माणूस कुठे वळला, कुठे दोन मीटरचं वेटोळं राखून ठेवलं, हे सगळं त्या तक्त्यात यायला हवं. खरं सांगायचं तर कोडपेक्षा या तक्त्यालाच जास्त वेळ जातो.

आणि एक गोम आहे, जी माहितीपत्रकात मोठ्या अक्षरांत नसते. स्टीलचा रेझिस्टन्स तापमानाबरोबर बदलतो, दर अंशाला साधारण ०.४ टक्के. समजा पॅनल जानेवारीत २० अंशांना सेट केलं. मे महिन्यात गॅलरीत ४५ अंश आहेत. २५ अंशांचा फरक, म्हणजे रेझिस्टन्स जवळपास १० टक्क्यांनी वाढला. पॅनल ८५० मीटर म्हणतंय, पण खरा शॉर्ट आहे ७७३ मीटरवर. बेल्टवर बघितलं तर ३५० नाही, ४२७ मीटर. तब्बल ७७ मीटरचा फरक. धुराने भरलेल्या गॅलरीत ७७ मीटर चुकीच्या जागी पोचणं म्हणजे काय, ते त्या गॅलरीत चाललेल्या माणसाला विचारा. म्हणून माझं ठाम मत आहे की स्क्रीनवर '३५०.० मीटर' असा टोकदार आकडा दाखवू नये, '३५० ते ४३० मीटर, उजवी बाजू' असा पट्टा दाखवावा. आणि केबलच्या शेवटच्या टोकाला मुद्दाम शॉर्ट देऊन पॅनल १२०० च दाखवतंय का, हे हिवाळ्यात एकदा आणि उन्हाळ्यात एकदा तपासावं.

अजून एक. दोन ठिकाणी शॉर्ट झाले तर पॅनलला फक्त जवळचा दिसतो, करंट तिथूनच परत फिरतो. म्हणजे आग पॅनलच्या दिशेने पसरली तर आकडा कमी होत जाईल, पण उलट दिशेने पसरली तर आकडा जिथल्या तिथे राहील. आकडा हलत नाही याचा अर्थ आग पसरत नाही असा काढायचा नाही.

हे झालं केबलचं. आता ती नेमकी कुठे लावायची? यासाठी थोडं मागे जाऊ, इंग्लंडमध्ये, डर्बीशायर परगण्यातल्या क्रेसवेल कोळसा खाणीत. २६ सप्टेंबर १९५० ची पहाट. जमिनीखाली एका ठिकाणी एका बेल्टवरून दुसऱ्या बेल्टवर कोळसा पडायचा. अशा जागेला ट्रान्सफर पॉइंट म्हणतात, आणि कोळसा ज्या नळकांड्यातून पडतो त्याला चूट. तिथला रबरी बेल्ट फाटला. फाटलेली पट्टी चूटमध्ये अडकून गोळा होत गेली, बेल्ट मात्र चालूच राहिला. घर्षणाने रबर तापलं आणि पेटलं. स्फोट वगैरे काही झाला नाही. पण तो बेल्ट ज्या बोगद्यात होता त्याच बोगद्याने खाणीत ताजी हवा जायची, त्यामुळे जळत्या रबराचा धूर थेट आत काम करणाऱ्या माणसांकडे गेला. ८० जण गेले, मुख्यतः कार्बन मोनॉक्साइडने. त्यानंतर ब्रिटिश खाणींमध्ये सहजी न पेटणारे पीव्हीसीचे बेल्ट आले.

क्रेसवेलमधून दोन गोष्टी घ्यायच्या. पहिली, बेल्टची आग बहुतेकदा घासण्यातून सुरू होते, आणि घासण्याच्या जागा आधीच माहीत असतात: ट्रान्सफर पॉइंट, मोटरचा ड्रम, शेवटचा ड्रम आणि बेल्टखालचे शेकडो रोलर. दुसरी, धूर माणसांपर्यंत पोचायच्या आत उष्णता तिच्या जन्मस्थानीच पकडायला हवी. छताला लावलेला डिटेक्टर तिथे उशिराच पोचणार.

रोलरचं उदाहरण घ्या. बेल्ट ज्या रोलरवर चालतो त्याच्या टोकाला बेअरिंग असतं. धूळ आणि पाणी शिरून बेअरिंग जाम होतं, रोलर फिरायचा थांबतो, बेल्ट त्याच्यावरून घासत जातो. रोलरचं पत्र्याचं कवच घासून पातळ होतं, तापतं, त्याच्याखाली साचलेली कोळशाची भुकटी धुमसायला लागते. पण बेल्ट चालू आहे तोवर एक गंमत होते. गंमत कसली, धोकाच. बेल्टचा नवा नवा थंड भाग त्या तापलेल्या रोलरवरून जात राहतो आणि उष्णता वाहून नेतो, त्यामुळे बेल्ट पेटत नाही. शिफ्ट संपते, बेल्ट थांबतो. आता बेल्टचा एकच तुकडा त्या लालबुंद रोलरवर बसून राहतो. सगळे चहाला गेलेले असतात. आग लागते ती अशा वेळी. म्हणून बेल्ट बंद झाल्यावर अर्धा-पाऊण तास कुणीतरी नजर ठेवावी असं अनुभवी लोक सांगतात, ते उगाच नाही.

म्हणून केबल फक्त डोक्यावर टांगून भागत नाही. एक ओळ बेल्टच्या वर ठीक आहे, बेल्ट पेटलाच तर ती पकडेल. पण खरी कामाची ओळ म्हणजे दोन्ही बाजूंना, फ्रेमवर, रोलरच्या टोकांजवळ. बेअरिंगपाशी. हलत्या भागाला घासणार नाही इतकी लांब, पण तापलेल्या बेअरिंगची झळ लागेल इतकी जवळ. आपल्या श्रोत्याला दोन्ही बाजूंना वायर दिसली ती याचसाठी.

एक मर्यादा इथेच सांगून टाकतो, कारण विकणारे लोक ही सांगायला विसरतात. साठ्यातून आलेला पेटता कोळशाचा ढेकूळ बेल्टवर बसून प्रवास करत असेल तर ही केबल त्याला पकडणार नाही. बेल्टचा वेग सेकंदाला ३ मीटर धरला तर ३० सेंटिमीटरचा ढेकूळ कुठल्याही एका बिंदूसमोरून एक दशांश सेकंदात निघून जातो. प्लास्टिक मऊ पडायला तेवढा वेळ पुरत नाही. त्यासाठी ट्रान्सफर पॉइंटवर इन्फ्रारेड डिटेक्टर लावतात, जो चालत्या निखाऱ्याची उष्णता दुरून 'बघतो'. तो आणि केबल एकमेकांना पर्याय नाहीत, दोन्ही लागतात.

तापमानाची निवड करताना आपल्याकडचा उन्हाळा विसरायचा नाही. ६८ अंशांची केबल ऐकायला छान वाटते, लवकर कळेल ना! पण कंपनीच्या कागदावर ही साधारण ४५ अंशांपर्यंतच्या जागेसाठी असते. चंद्रपूरला मे महिन्यात सावलीतच ४६-४७ होतं. तिथे पत्र्याच्या गॅलरीत, पत्र्याला लागून केबल टाकली तर आगीची गरजच नाही, ऊनच अलार्म देईल. तिथे ८८ ची केबल घ्यावी लागते, जी साधारण ६५ अंशांपर्यंतच्या जागेत शांत बसते. एकाच गॅलरीत पत्र्याखाली ८८ आणि खाली जमिनीत असलेल्या थंड बोगद्यात ६८, असंही करता येतं, फक्त तक्त्यात नोंद हवी.

आता केबल टनेलकडे वळू. १६ नोव्हेंबर १९८४ ला टोकियोच्या सेतागाया भागात टेलिफोन एक्स्चेंजच्या केबल बोगद्यात आग लागली आणि सुमारे ८९ हजार टेलिफोन लाइन बंद पडल्या. बँकांचे ऑनलाइन व्यवहारसुद्धा अडकले. इमारत उभी, माणसं ठीक, पण शहराचा एक भाग मुका. केबल टनेलमधली आग अशीच असते. जळतं ते प्लास्टिकचं आवरण, पण नुकसान होतं ते त्या तारांवर अवलंबून असलेल्या सगळ्यांचं. पॉवर प्लांटमध्ये त्याच बोगद्यातून पंपांच्या, व्हॉल्व्हच्या आणि खुद्द फायर सिस्टिमच्या केबल जात असतात.

टनेलमध्ये सुरुवात बऱ्याचदा एखाद्या जॉइंटपासून होते, किंवा ट्रेमध्ये जास्त केबल कोंबल्यामुळे. मधल्या केबलची उष्णता बाहेर पडत नाही, इन्सुलेशन हळूहळू कडक होतं, तडकतं. पहिले काही तास धूर नसतो, फक्त गरमी असते. म्हणून इथे एलएचडी केबल हवेत न टांगता थेट पॉवर केबलवर अंथरतात, प्रत्येक ट्रेवर, सापासारखी नागमोडी. नागमोडी का? सरळ टाकली तर ट्रेच्या एका कडेची केबल तापली आणि सेन्सर दुसऱ्या कडेला, असं व्हायचं. नागमोडीमुळे ती सगळ्या पॉवर केबलवरून ओलांडून जाते. साहजिकच लांबी वाढते. ६०० मिलिमीटर रुंद ट्रेला साधारण सव्वापट, १२०० मिलिमीटरला पावणेदोनपट. म्हणजे ४०० मीटरच्या बोगद्यात ६०० मिलिमीटरचे चार ट्रे एकावर एक असतील तर ४०० गुणिले ४ गुणिले १.२५, दोन हजार मीटर केबल. ऑर्डर देताना कुणी फक्त बोगद्याची लांबी लिहिली, तर वरचे ट्रे उघडेच राहतात.

आणि नवीन पॉवर केबल ओढताना हमखास होणारा प्रकार: सेन्सर केबल आडवी येते म्हणून इलेक्ट्रिशियन ती बाजूला सरकवतो, आणि नवी केबल तिच्यावर येते. सेन्सर आता ढिगाच्या तळाशी. पॅनलवर सगळं हिरवं, कारण सर्किट पूर्ण आहे. हे पॅनल कधीच सांगणार नाही. टॉर्च घेऊन चालत बघावं लागतं.

मग बिघाड कोणते होतात? सगळ्यात जास्त होणारा म्हणजे चिमटा. फावडं लागलं, वरून ढेकूळ पडला, क्लॅम्प जास्त आवळला, तर आतलं प्लास्टिक चिरडतं आणि तारा टेकतात. केबलला उष्णता आणि मार यातला फरक कळत नाही, तिच्यासाठी दोन्ही शॉर्टच. मी एका साइटवर गेलो होतो, नाव नको, तिथे पॅनलमध्ये एका कन्व्हेयरचा पूर्ण झोन 'बायपास' करून ठेवला होता. का? तर सारखा खोटा अलार्म येतो म्हणून. झालं असं होतं की साफसफाईच्या माणसांना केबल काय आहे हे कुणी सांगितलंच नव्हतं, ते तिच्यावर फावडी टेकवून ठेवायचे. केबल फ्रेमच्या आतल्या कडेला हलवली, झोन परत सुरू केला. कुणी विचारलं असतं तर हे एका दुपारचं काम होतं.

यावर एक छान तांत्रिक उपाय निघालाय. दोन्ही तारा एकाच धातूच्या न घेता वेगवेगळ्या धातूंच्या घेतात. दोन वेगळे धातू जिथे टेकतात तिथे थर्मोकपल तयार होतं, म्हणजे त्या जागेच्या तापमानाप्रमाणे अगदी छोटं व्होल्टेज मिळतं. शॉर्ट झाला की पॅनल आधी ते बघतं. तापमान जास्त असेल तर आग, नसेल तर 'इथे केबल चिरडली आहे' असा फॉल्ट. ही केबल महाग पडते, पण जिथे अलार्म आला की आपोआप पाण्याचा मारा सुरू होतो, तिथे मी तरी हीच सुचवेन. नाहीतर दोन स्वतंत्र केबल टाकतात आणि दोघींनी 'आग' म्हटल्यावरच पाणी सोडतात.

दुसरा बिघाड जोडकामाचा. ही केबल एकदा शॉर्ट झाली की तो तुकडा संपला. खरी आग असो की फावडं, तेवढा भाग कापून त्याच प्रकारचा नवा तुकडा जोडावा लागतो. घाईत लोक घरात वापरतात ती तांब्याची वायर मध्ये घालून टेप मारतात. पॅनल खूश, सर्किट पूर्ण! पण त्या चार मीटरला आग कळत नाही, आणि तांब्याचा रेझिस्टन्स नगण्य असल्याने पुढचं सगळं अंतर चार मीटरने चुकतं. तसंच मध्येच फांदी काढायची नाही. फांदी तुटली तर मुख्य ओळीवरचा शेवटचा रेझिस्टर दिसतच राहतो, पॅनलला काही कळत नाही.

तिसरा, कोळशाची भुकटी. हो, ती केबललाही त्रास देतेच, फक्त वेगळ्या प्रकारे. बोटभर थर बसला की तो केबलला गोधडीसारखा गुंडाळतो आणि बाहेरची उष्णता आत पोचायला उशीर होतो. फरक इतकाच की केबल पाण्याच्या फवाऱ्याने धुता येते, तो पांढरा गोल डिटेक्टर धुता येत नाही.

आता टेस्टिंग, कारण हा प्रश्न लगेच येणार. जी केबल एकदा तापली की खराब होते ती तपासायची कशी? रोजच्या तपासणीत शेवटच्या डब्यात मुद्दाम शॉर्ट द्यायचा, म्हणजे पॅनल, अलार्म आणि अंतर तिन्ही तपासून होतात. पण प्लास्टिक खरंच वितळतं का, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी केबल टाकतानाच शेवटच्या डब्यापाशी काही मीटरचं जास्तीचं वेटोळं ठेवायचं. वर्षातून एकदा त्याचं टोक तापवायचं, अलार्म येतो का बघायचं, तो तुकडा कापून टाकायचा आणि रेझिस्टर परत जोडायचा. ६८ किंवा ८८ ची केबल असेल तर उकळतं पाणी पुरतं. १०५ च्या पुढे पाणी उपयोगाचं नाही, हीट गन लागते.

शेवटी एक प्रश्न जो मलाच कायम विचारला जातो: "अरे, आता फायबर आलंय ना, मग ही जुनी स्टीलची वायर कशाला?" फायबरची पद्धत मला इंजिनिअर म्हणून जास्त आवडते, लपवत नाही. काचेच्या तंतूत लेझरचा एक छोटा ठोका सोडतात. प्रत्येक ठिकाणाहून त्या प्रकाशाचा अगदी किंचित भाग परत फिरतो, आणि त्यातल्या एका भागाची तीव्रता तिथल्या तापमानाप्रमाणे बदलते. परत यायला किती वेळ लागला यावरून जागा कळते. एक मीटर जाऊन यायला साधारण १० नॅनोसेकंद. म्हणजे कित्येक किलोमीटरच्या बोगद्यात दर मीटरचं तापमान सतत बघता येतं, आणि साधं तापून केबल खराब होत नाही. कुठला जॉइंट गेल्या महिन्यापेक्षा बारा अंशांनी जास्त तापतोय, हे आग लागायच्या कितीतरी आधी दिसतं. लांब केबल टनेलला मी डोळे झाकून फायबर म्हणेन.

पण सहाशे मीटरच्या कन्व्हेयरवर, जिथे महिन्यातून एकदा कुणीतरी फावडं मारणार आहे, तिथे फायबर तुटलं तर जोडायला खास मशीन आणि शिकलेला माणूस बोलवावा लागतो. स्टीलची वायर प्लांटचा इलेक्ट्रिशियन रात्रपाळीत जोडतो, फक्त त्याच्याकडे स्टोअरमध्ये त्याच तापमानाच्या केबलचा एक तुकडा आणि दोन कनेक्टर असायला हवेत. व्हॉइस नोट पाठवणाऱ्या मित्रा, वायरच्या जाकिटावर तिचं तापमान छापलेलं असतं, फडक्याने पुसलंस तर दिसेल. ते वाचून स्टोअरमध्ये तीच आहे का, एवढं विचारून बघ आणि मला कळव.